ओळ मराठी, मग अक्षरं कुणाची?

आपल्या अंकासाठी गावाकडचे फोटो मागवले की फोटो येतात देवनागरी मुलखातून आणि त्यांखालच्या ओळी येतात रोमन अक्षरांत. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "अगं, असं सगळ्यांना वाचता येतं." हे 'सगळे' म्हणजे नक्की कोण, ते एकदा तपासून पाहू या. मी पांढुर्णा-सौंसरकडची. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला तोच हा भाग. म्हणून उदाहरणही तिकडचंच घेते.

आमच्याकडे घरात मराठी आणि शाळेत बहुतेकांची हिंदी. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, नागपूर पलीकडे गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे एकाच घरात तीन प्रकारचे वाचणारे सापडतात. आजीनं पाटीवर मराठी बाराखडी गिरवली, काका हिंदी माध्यमात शिकले, आणि धाकटी बहीण इंग्लिश मीडियमला जाते, पण हिंदी हा विषय तिलाही आहे. गंमत बघा, हिंदी शाळेनं आमच्याकडून मराठीचं पुस्तक काढून घेतलं, पण लिपी हातात ठेवली. तिघांनाही येणारी अक्षरं कोणती म्हटलं तर ती देवनागरीच.

आता एक ओळ घेऊ. संत्र्याच्या झाडाखाली टोपल्या मांडल्या आहेत आणि शेजारी आजी उभी आहे. ओळ अशी: 'आजीच्या मळ्यातला पहिला माल'. हीच रोमनमध्ये बहुतेक जण अशी लिहितील: `Aajichya malyatla pahila mal`.

आजीच्या दृष्टीनं ही ओळ म्हणजे कोरा कागद. फोटो तिचा, पण तिच्याचबद्दल काय लिहिलंय ते दुसऱ्यानं वाचून दाखवायचं. काका एकेक अक्षर लावत जातात आणि `malyatla` ला अडतात. मळ्यातला, माळ्यातला, की मल्यातला? `mal` म्हणजे माल, माळ की मळ? बहीण भरभर वाचते, पण तीही फोटोकडे बघून अंदाज बांधते. फोटो नसता तर तिलाही 'माळ्यावरची पहिली माळ' दिसली असती. थोडक्यात, रोमनमधली सोय लिहिणाऱ्याच्या बोटांची आहे. वाचणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते.

असं का होतं? आपण चॅटमध्ये वापरतो त्या रोमनमध्ये अ आणि आ, ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट यांच्यासाठी बहुधा एकेकच अक्षर असतं. `kal` मध्ये काल, काळ, कळ, कल सगळे एकत्र राहतात. गावांच्या नावांचंही तेच. `Sausar` मध्ये सौंसरचा अनुस्वार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावचे लोक समोरासमोर दगड फेकतात, ती गोटमार. `Gotmar` हे बाहेरच्या माणसानं 'गोतमार' वाचलं, तर दगडांऐवजी सोयऱ्यांनाच मारल्यासारखं होईल!

ळ चा मुद्दा तर आमच्याकडे आणखी गुंतागुंतीचा. वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ळ चा पुष्कळदा य होतो. डोळ्याला 'डोया' म्हणतात, पोळ्याला 'पोया'. घरात कानावर पडतं 'पोया' आणि पडद्यावर येतं `Pola`. मुलानं या दोघांचा मेळ कसा घालायचा? देवनागरीत 'पोळा' लिहिलं तर मूळ शब्द दिसतो, 'पोया' लिहिलं तर आजीचा आवाज ऐकू येतो. दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. रोमनमधला `l` यांपैकी कोणतीच वाट धड दाखवत नाही.

मग रोमन लिपी मराठीला परकीच का? तसं मी म्हणणार नाही, निदान आपल्या कॉलेजात तरी कुणी म्हणू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण 1616 साली राचोलला छापलं गेलं, ते मराठी आहे आणि रोमन लिपीत आहे, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. गोव्यात रोमी कोंकणी आजही छापली जाते. तिथे रोमनमध्ये वाढलेल्या आजी-आजोबांपुढे देवनागरी ठेवली तर तेही आमच्या आजीसारखेच अडतील. 1987 च्या राजभाषा कायद्यानं कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी अशी व्याख्या केली, त्याची रोमी लेखकांना वाटणारी खंत म्हणूनच समजण्यासारखी आहे.

पण रोमीला नियम आहेत. 1933 पासून निघणाऱ्या साप्ताहिकाच्या `Vauraddeancho Ixtt` या नावाकडे बघा. `x` म्हणजे श-ष, आणि ट साठी दोन `t`. पिढ्यानपिढ्या ठरलेलं हे लेखन आहे, आणि वाचणारा ते शिकलेला असतो. आपल्या चॅटच्या रोमनमध्ये ज्याची त्याची रीत. एक `aahe` लिहितो, दुसरा `ahe`, तिसरा नुसतं `ahy`. म्हणून माझा आक्षेप रोमन लिपीवर नाही, न ठरलेल्या रोमनवर आहे.

'देवनागरी टाइप करायला वेळ लागतो' ही तक्रार आता फारशी टिकत नाही. फोनच्या कळफलकात मराठी भाषा जोडताना इंग्रजी अक्षरं दाबून देवनागरी उमटवणारा पर्याय मिळतो, बोटांची सवय मोडावी लागत नाही. पण आमच्याकडे एक चूक हमखास होते: कळफलक हिंदीवरच राहतो. मग सुचवलेले शब्द हिंदी वळणाचे येतात आणि 'मळ्यातला'चं 'मल्यातला' होतं. ओळखायची खूण सोपी आहे. ओळीत ळ असायला हवा तिथे ल दिसला, किंवा 'दुसऱ्या'तला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला, की भाषा बदलायची राहिली आहे असं समजावं.

खरी अडचण बहिणीसारख्यांची. त्यांना देवनागरी येते, पण सावकाश. त्यावर लिपी बदलण्यापेक्षा ओळ बदलावी. सहा-सात शब्द पुरेत. जोडाक्षरांची गर्दी नको. अक्षरं मोठी आणि साध्या वळणाची असावीत. फोटोवरच लिहायचं असेल तर वर-खाली जागा सोडावी, नाहीतर वेलांटी कापली जाते आणि उकार खालच्या ओळीत घुसतो. आजीच्या चष्म्यालाही हेच सोयीचं.

रोमनला मी एक जागा मात्र देईन. पुण्यात किंवा परदेशात वाढलेला भाचा गावाचा फोटो शोधताना बहुधा `Pandhurna` असंच टाइप करील. म्हणून वर पूर्ण ओळ देवनागरीत, आणि खाली फक्त गावाचं व सणाचं नाव रोमनमध्ये. पूर्ण वाक्य दोनदा लिहू नये. तसं केलं की ज्याला जे सोपं तेवढंच तो वाचतो, आणि देवनागरी नुसती शोभेला उरते.

तेव्हा पुढच्या अंकाला फोटो पाठवताना त्या फोटोतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला ओळ वाचायला द्या. आणि मग घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याला. दोघांनी एकच शब्द वाचला, तर ओळ पाठवा.