फळीचा फोटो आणि दुकानदाराचा हिशेब

बेंगळुरूत दुकानातील फळीच्या छायाचित्रावरून माल ओळखण्याचे काम काही वर्षे चालू आहे. तेथील इन्फिलेक्टसारख्या कंपन्या ते साबण-बिस्किटे बनविणाऱ्या मोठ्या उत्पादकांसाठी करतात. आपला माल फळीवर किती जागा व्यापतो, प्रतिस्पर्ध्याचा किती, एवढेच उत्पादकाला कळायचे असते. मल्लेश्वरमच्या गल्लीतील किराणा दुकानदाराचे प्रश्न वेगळे आहेत : माल किती उरला आणि पुढचा कोणाकडून घ्यावा? पहिल्यासाठी घडविलेले साधन दुसऱ्याच्या हाती दिले की त्याचा प्रश्न सुटला, असे जे सर्रास लिहिले जाते ते तपासून पाहण्याजोगे आहे.

या क्षेत्रातील एक प्रसिद्ध चित्रसंच घ्या. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या SKU-110K मध्ये 11,762 छायाचित्रे असून प्रत्येकात सरासरी सुमारे 147 वस्तू चौकटींत बंदिस्त केलेल्या आहेत. परंतु त्या साऱ्या चौकटींवर नाव एकच : ‘वस्तू’. म्हणजे हा संच वस्तू कोठे आहे हे शिकवितो, कोणती आहे हे नव्हे. शिवाय छायाचित्रे अमेरिका, युरोप व पूर्व आशियातील सुपरमार्केटांची, जेथे माल ओळीने तोंड पुढे करून उभा असतो. आपल्याकडे शाम्पूच्या लडी छतापासून लोंबतात, एक लडी दुसरीला झाकते आणि अर्धा माल न फोडलेल्या खोक्यांत पडून असतो. तांदळाच्या पोत्याला तर चेहराच नसतो!

आता ओळख कोठे फसते ते पाहा. नाव सहसा चुकत नाही, वजन चुकते. सहा फुटी मांडणी एकाच फोटोत घेतली आणि फोटो 4000 पिक्सेल रुंद असला, तर एका मिलिमीटरला जेमतेम दोन पिक्सेल येतात. पाकिटावरील दोन मिलिमीटर उंचीचा वजनाचा आकडा चार-पाच पिक्सेलांत मावतो. तो माणसालाही वाचता येणार नाही. त्यात अनेक प्रणाली फोटो आणखी लहान करून मगच पाहतात. तोच फोटो दीड फुटाच्या टप्प्याटप्प्याने काढला, तर आकड्याला सतरा पिक्सेल मिळतात आणि तो वाचता येतो.

ही बाब क्षुल्लक नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटे, साबण, शाम्पू यांवरील जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी पाच-दहा रुपयांच्या पाकिटांची किंमत तीच ठेवून आतले वजन वाढविले. अशा वेळी जुने व नवे पाकीट फळीवर शेजारी बसते, रंग तोच, नाव तेच. यंत्र दोन्हींना एक समजते आणि दरांची तुलना तेथेच बिघडते.

उदाहरणादाखल दहा रुपयांचे बिस्कीट घ्या. एक घाऊक व्यापारी 144 पाकिटांचा खोका 1,260 रुपयांना देतो, कर धरून. पाकीट पडले 8.75 रुपयांना. दुसरा डझन 108 रुपयांना देतो आणि डझनामागे एक फुकट, भाव 8.31 दिसतो. फोटोला नुसता भाव चिकटविणारी सोय दुसऱ्याचे नाव हिरव्या रंगात दाखवील. पण दुसऱ्याच्या भावात कर नाही. 5 टक्के धरले की 13 पाकिटांना 113.40 रुपये, म्हणजे पाकीट 8.72. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला हा कर परत मिळत नाही. चव्वेचाळीस पैशांचा फरक तीन पैशांवर आला. त्यातच दुसऱ्याकडचे पाकीट जुने, 50 ग्रॅमचे आणि पहिल्याचे नवे, 56 ग्रॅमचे असले, तर गिऱ्हाईक कोणते उचलील हे सांगायला नको. पहिला आठवडाभर उधारीही देत असेल. यांतले काहीही फळीवर दिसत नाही. ते बिलावर असते.

म्हणूनच फोटोपासून सुरुवात करणेच उलटे आहे. सुरुवात खरेदीच्या बिलांपासून व्हावी. बिलांतून त्या एका दुकानाची शे-पाचशे वस्तूंची यादी तयार होते, वजन व छापील किमतीसह. मग यंत्राला जगातील लाखो वस्तूंतून नव्हे, तर या यादीतूनच निवड करायची असते. नव्या वस्तूचा एक स्वच्छ फोटो यादीत घातला तरी तुलनेला पुरतो, कारण अशा जुळवणीत यंत्राला नव्याने शिकवावे लागत नाही. जुळणी कच्ची असेल तेथे यंत्राने अंदाज ठोकून न देता जागा कोरी सोडावी. मोजणीतही तेच : समोरच्या ओळीत सहा पाकिटे दिसतात, पण मागे किती ओळी आहेत हे फक्त दुकानदार जाणतो. तो आकडा त्यालाच विचारावा. हात घालून सांगायला त्याला दोन सेकंद लागतात.

या रीतीची कसोटीही सोपी आहे. एका फळीचा फोटो घ्यावा, मग माल खाली उतरवून हाताने मोजावा, आणि चुका दोन रकान्यांत लिहाव्यात : नाव चुकले ते एकीकडे, वजन चुकले ते दुसरीकडे. विक्रेते अचूकतेची जी टक्केवारी सांगतात तिच्यात हे दोन रकाने बहुधा एकत्र केलेले असतात.