सहा उद्गारचिन्हं आणि एकही तारीख नाही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी उचगावात राहते आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी विभागात काम करते. एका सकाळी पुण्याच्या ग्राहकाचा ईमेल आला. आम्ही पाठवलेल्या 240 पंप बॉड्यांपैकी 38 नगांत मशिनिंग करताना ब्लोहोल सापडले होते. त्यांनी तीन प्रश्न विचारले होते : उरलेले नग वापरायचे का? बदली नग कधी मिळतील? आणि हे झालं कशामुळे?

मी दहा मिनिटांत उत्तर पाठवलं. ते जसंच्या तसं देते :

“गुड मॉर्निंग सर!!! सो सॉरी फॉर धिस 🙏🙏🙏 टीम काम करतेय, एएसएपी अपडेट देते. ईओडीपर्यंत रिपोर्ट पाठवते. थँक्यू सो मच फॉर युवर सपोर्ट!!! 😊”

पाठवून मला हलकं वाटलं. किती पटकन उत्तर दिलं, किती नम्रपणे दिलं. तासाभराने तिकडून एक ओळ आली, साहेबांना सीसी करून : “ईओडी म्हणजे कुठल्या दिवसाचा?” त्यांनी वाट न पाहता उरलेले सगळे नग स्वतःच तपासून घेतले आणि त्या तपासणीच्या खर्चाची डेबिट नोट आम्हाला लावली.

आता माझा ईमेल पुन्हा वाचा. सहा उद्गारचिन्हं, तीन जोडलेले हात, एक हसरा चेहरा. तारीख एकही नाही. तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नाही. ‘अशी चिन्हं शिष्टाचाराला धरून नाहीत’ हे सगळेच सांगतात, त्यात मला रस नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या चिन्हांनी मी काहीच सांगितलेलं नाही हे खुद्द माझ्यापासूनच लपवलं. तीन वेळा हात जोडले की काम केल्यासारखं वाटतं.

मग आपण ती का घालतो? भीतीपोटी. चॅटमध्ये मेसेज पाठवला की वाक्य आपोआप संपतं, त्यामुळे तिथे पूर्णविराम जास्तीचा ठरतो. मैत्रिणीचं ‘ठीक आहे.’ असं टिंबासकट आलं की पोटात गोळा येतो. ही सवय आपण उचलून ईमेलमध्ये आणतो. पण ईमेल हे पत्र आहे. त्यात चार वाक्यं एकापुढे एक येतात आणि पूर्णविराम तिथे नुसतं वाक्य संपल्याचं सांगतो, राग नाही.

हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. सगळं छाटून टाकलं. “रिपोर्ट जोडला आहे. शुक्रवारी नग निघतील.” दोन दिवसांत स्टोअरचे काका क्वालिटीच्या दारात येऊन उभे राहिले. “मॅडम, काय चुकलं काय आमचं?” त्यांचं बरोबर होतं. खुणा काढल्या होत्या, पण त्या ज्यासाठी होत्या तो ओलावा दुसरीकडे कुठेच ठेवला नव्हता.

तो ठेवायचा कुठे, हे मला आजोबांच्या जुन्या पत्रांनी दाखवलं. सुरुवातीला ‘शि. सा. न. वि. वि.’, शेवटी ‘लोभ असावा’, राहिलेलं ‘ता. क.’ मध्ये. मोडीत तर विरामचिन्हं जवळपास नव्हतीच. मराठीत ती एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तकांबरोबर, मेजर कँडींसारख्यांच्या प्रयत्नांतून रुळली. त्याआधी माणसं एकमेकांना कोरडं लिहीत होती असं कुणी म्हणेल का?

तुम्ही म्हणाल, ‘शि. सा. न. वि. वि.’ हेही संक्षेपच की. हो, आणि म्हणूनच माझं भांडण संक्षेपाशी नाही. तो संक्षेप दोघांनाही पाठ होता, आणि तो नमस्काराच्या जागी बसायचा. ‘ईओडी’ मात्र तारखेच्या जागी येऊन बसतो आणि ‘एएसएपी’ वेळेच्या. त्या जागेवर खरी माहिती हवी असते. माझी कसोटी एवढीच : कालच रुजू झालेल्या माणसाला ते अक्षर न विचारता कळेल का? नसेल, तर पूर्ण शब्द लिहा.

इमोजीचं दुखणं याहून गंभीर आहे, कारण त्याचा अर्थ वाचणारा ठरवतो. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये एका धान्य खरेदीदाराने शेतकऱ्याला मोबाइलवर जवसाच्या कराराचा फोटो पाठवला. शेतकऱ्याने 👍 पाठवला. तो म्हणाला, ‘मिळालं’ एवढंच मला सांगायचं होतं. 2023 मध्ये कोर्टाने तो अंगठा म्हणजे सहीच धरली आणि माल न दिल्याबद्दल सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे बदललेलं ड्रॉइंग आलं की कुणीतरी अंगठा टाकतो. त्याने ते पाहिलं की मान्य केलं? ‘ड्रॉइंग मिळालं, तपासून उद्या दुपारी कळवते’ लिहायला पंधरा सेकंद लागतात.

आणि ही गोडी नेमकी कोणाकडून मागितली जाते, तेही बघा. साहेबांचं उत्तर ‘ओके’ असतं आणि त्यांना कुणी उद्धट म्हणत नाही. मला मात्र पहिल्याच महिन्यात सांगितलं गेलं, ‘जरा गोड लिहीत जा.’ माझ्यासोबत लागलेल्या मुलाला नाही. कॅरल वासेलेस्की यांनी 2006 मध्ये ऑनलाइन चर्चागटांतला मजकूर तपासला, तेव्हा उद्गारचिन्हं बायका जास्त वापरतात आणि ती बऱ्याचदा मैत्रभाव दाखवायला असतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे ते हसू अनेकदा ड्यूटीचा भाग असतं. मला ते नको आहे. मला माणसाशी नीट वागायचं आहे, आणि ते शब्दांत करता येतं.

तोच ईमेल आज मी असा लिहीन :

“नमस्कार सर, 38 नगांचे फोटो लगेच पाठवलेत, त्यामुळे कारण शोधणं सोपं झालं. धन्यवाद. उरलेले नग कृपया वापरू नका. आमचा माणूस उद्या सकाळी 11 ला येऊन तिथेच तपासून देईल. बदली 38 नग शुक्रवारी इथून निघतील. त्या पाळीत वाळूत ओलावा जास्त होता असं दिसतंय. खात्री करून बुधवारी संध्याकाळी 5 पर्यंत लेखी कळवते. तुमची लाइन थांबली, याचं वाईट वाटतं. काही अडलं तर थेट मला फोन करा.”

यात ओलावा कुठे आहे? त्यांनी केलेल्या एका नेमक्या कामाबद्दलच्या आभारात. त्यांचं नुकसान काय झालं हे कळल्याच्या कबुलीत. त्यांना पुन्हा विचारावं लागू नये म्हणून दिलेल्या दिवस-वेळेत. आणि ‘फोन करा’मध्ये. ‘टीम काम करतेय’ हे वाक्य कुणालाही पाठवता येतं; हे फक्त त्यांनाच पाठवता येतं.

मी कर्मठ नाही. सहकारिणीला मुलगी झाली तर ‘अभिनंदन!’ लिहीनच, एकच चिन्ह, पण खरं. समोरचा जुना ओळखीचा असेल आणि त्यानेच हसरा चेहरा पाठवला, तर मीही एक पाठवते. वाईट बातमी, पैसे आणि तारखा असलेल्या ईमेलमध्ये मात्र एकही नाही.

आज घरी जाताना बसमध्ये तुमचा सेंट फोल्डर उघडा. शेवटच्या ईमेलमधली सगळी उद्गारचिन्हं आणि चेहरे मनातल्या मनात पुसा आणि उरलेलं वाचा. ते कोरडं वाटलं, तर ते आधीपासूनच कोरडं होतं.