उरलेला लहरिया आणि एक मिनिटाचा व्हिडिओ

श्रावणातली तीज झाली की जयपुरात लहरियाची मागणी ओसरते. (तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो, पण तीज त्याच शुद्ध तृतीयेला.) समजा, तुमचं दुर्गापुऱ्यात, टोंक रोडजवळ छोटं साडीचं दुकान आहे. अठरा लहरिया उरल्यात. खरेदी ७०० रुपयांची, विक्री ११०० ची. आता कपाटात रजया आणि शाली ठेवायला जागा हवी.

व्हिडिओ करताना 'दुकान बंद होतंय' किंवा '२२०० ची साडी ११०० त' असलं काही बोलू नका. तुम्ही २२०० ला कधी विकलीच नसेल, तर तो भाव दाखवणं म्हणजे ग्राहकाची फसवणूक. शेजारच्या बाईंना तुमचा जुना भाव पाठ असतो, हे वेगळंच!

सरळ सांगा: "तीज झाली, अठरा साड्या उरल्या. पुढच्या वर्षी नवे रंग येतील, थंडीच्या मालाला पैसे हवेत. म्हणून ११०० ची साडी ८०० ला." एवढं कारण पुरतं.

पण अठराही साड्या सारख्या नसतात. तीन साड्या काचेत लावलेल्या होत्या आणि उन्हाने त्यांची घडीची कड फिकी पडली आहे. त्या वेगळ्या काढा, खिडकीपाशी नैसर्गिक उजेडात घडी उलगडा, बोट ठेवून पट्टा दाखवा आणि ६०० सांगा. पिवळ्या दिव्याखाली हा पट्टा दिसत नाही. साडी घरी गेल्यावर मात्र दिसतो, आणि मग ती परत येते.

बांधणीचा की छापील, हेही सांगा. खऱ्या लहरियात कापड तिरकं गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधतात आणि मग रंगवतात. त्यामुळे रेघांच्या कडा थोड्या पसरट, आणि रंग उलट्या बाजूलाही उतरलेला. छापील कापड बहुतेक वेळा मागून फिकं दिसतं. कॅमेऱ्यासमोर साडी उलटी करा. नंतर ओला पांढरा रुमाल पदरावर घासा. रंग लागला तर तोही दाखवा आणि म्हणा, "पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात."

हिशोब बघा: पंधरा साड्यांचे १२,०००, तिघींचे १,८००, मिळून १३,८००. खरेदी १२,६००. म्हणजे हातात १,२०० उरतात. भाडं-वीज धरली तर जवळपास काहीच नाही. पण कपाट रिकामं होतं आणि अडकलेली रक्कम रजयांच्या कामी येते. दर घसरवून ६५० वर आणलात तर चांगल्या साड्यांवरही तोटाच, तेव्हा तिथे थांबा.

शेवटची तारीख आणि किती नग आहेत, हे व्हिडिओतच बोला. २०२२ च्या जाहिरात मार्गदर्शक सूचनांनुसारही, पुरेसा माल नसताना स्वस्ताईचं आमिष दाखवून गिऱ्हाईक बोलावता येत नाही. आणि अठरावी साडी गेली की त्याच संध्याकाळी व्हिडिओ काढून टाका. नाहीतर दिवाळीत कुणीतरी ८०० ची लहरिया मागायला येईल.