'दलाल हटवा' म्हणण्याआधी कांद्याचा रुपया मोजा

कांद्याचा भाव पडला की 'दलाल हटवा', चढला तरी 'दलाल हटवा'. ही घोषणा आपल्याही मोर्च्यांत घुमते. आमचा सवाल आहे, हटवायचे नेमके कोणाला आणि त्याचे काम करणार कोण?

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहकाच्या रुपयातले सुमारे ३६ पैसे कांदा उत्पादकाला मिळतात. लागवड-काढणी करणाऱ्या मजूर बायांची मजुरीही याच ३६ पैशांतून जाते. उरलेले ६४ पैसे म्हणजे निव्वळ लूट नव्हे. लासलगावला लिलावात घेतलेला माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथे मजूर गोल्टी, मध्यम, मोठा अशी निवड करतात. मग गोणी, हमाली, ट्रकभाडे, वाशीच्या बाजारातली आडत आणि शेवटी हातगाडीवाला. वाटेत माल सुकतो, सडतो. घट भरून काढायलाही पैसा लागतो. त्यात हमाल आणि हातगाडीवाला आपल्याच वस्तीतले असतात. 'मधले' म्हणून त्यांनाही हटवायचे का?

२०१६ साली राज्यात फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले. पण खरेदीदार तो खर्च धरूनच बोली लावू शकतो. ज्याला माल परत न्यायचे भाडे परवडत नाही, त्याच्या पट्टीवरची एक कपात पुसली म्हणून त्याची ताकद वाढत नाही.

ताकद आहे थांबण्यात. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये एकदम येतो आणि भाव दबतो. समजा, एप्रिलमध्ये किलोला १० रुपये मिळतात. १०० किलो चाळीत ठेवले आणि सप्टेंबरपर्यंत ३५ किलो घट झाली, तर उरलेल्या ६५ किलोंना साडेपंधरा रुपये मिळाले तरच तेवढेच हजार रुपये हातात येतात. म्हणजे साठवण ही जोखीम आहे. पण ज्याच्याकडे हवेशीर चाळ आहे आणि चार महिने घर चालवायला पैसा आहे, तोच ती पत्करू शकतो. भाव चढला की फायदाही त्याचाच.

आता पाहा, चाळीच्या अनुदानाला काय लागते? स्वतःच्या नावचा सातबारा आणि त्यावर कांद्याची नोंद. दुसऱ्याची जमीन बटाईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीपासून दूर ठेवलेल्या समाजाला बटाई मिळते, चाळ मिळत नाही. तो उसनवारी फेडायला एप्रिलमध्येच विकतो. त्याचाच कांदा दुसऱ्याच्या चाळीत बसून भाव खातो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बटाईदाराला आणि भूमिहीनांच्या गटाला सातबाऱ्याशिवाय सामाईक चाळ द्या. ठेवलेल्या मालाच्या पावतीवर कर्ज द्या. खळ्यावरच्या निवडणाऱ्या बाईची हजेरी कागदावर आणा. दलालाच्या नावाने बोंब मारणे सोपे आहे, पण चाळीची किल्ली कोणाच्या हातात, हे विचारल्याशिवाय कांद्याचा रुपया आपल्याकडे वळणार नाही.