दोन टक्के सूट सोडू नका, पण आधी दिवस मोजा

होलसेलरच्या बिलावर लिहिलेलं असतं: १० दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम. बरेच दुकानदार म्हणतात, "दोन टक्क्यांत काय एवढं? वीस दिवस उधारी मिळतेय ना!" माझ्या मते ही उधारी फार महाग आहे.

समजा बिल १ लाखाचं आहे. दहाव्या दिवशी ९८,००० देऊन विषय संपतो. ते टाळलं तर ९८,००० रुपये आणखी २० दिवस वापरायचे २,००० रुपये पडतात. वर्षाच्या हिशोबाने हा दर ३७ टक्क्यांच्या वर जातो.

आता तुमची बँकेची सीसी लिमिट १२ टक्क्यांची आहे असं धरा. तेच ९८,००० तिथून २० दिवसांसाठी उचलले तर व्याज साधारण ६४४ रुपये. म्हणजे कर्ज काढून सूट घेतली तरी १,३५६ रुपये वाचतात.

पण एक अट आहे. ३० दिवस हे कागदावर. होलसेलर कुरकुर न करता ७५ दिवस थांबत असेल, तर ६५ दिवसांचं सीसीचं व्याज सुमारे २,०९४ होतं आणि सूट घेणं तोट्याचं ठरतं. म्हणून बिलावरची तारीख नाही, तुम्ही खरोखर कितव्या दिवशी पैसे देता ते खातेवहीत बघा.

तुम्ही स्वतः गिऱ्हाइकाला अशी सूट देता तेव्हा हाच हिशोब उलटा लागतो. पंचविसाव्या दिवशी पैसे देऊन २ टक्के कापणाऱ्याला ती सूट अजिबात देऊ नका.