अन्नदानासाठी दुकानदाराकडे काय मागायचं, आणि आभार कसे मानायचे?



मागच्या व्हिडिओत स्थानिक बाजारात नाव कसं तयार होतं, यावर आपण बोललो. त्यानंतर हिमायतनगरच्या एका तरुण दुकानदाराने मला विचारलं, "सर, गावात रोजचं मोफत जेवण सुरू करायचं चाललंय. व्यापाऱ्यांकडे मागायला मलाच पुढे केलंय. 'तुमचं बॅनर लावतो' असं सांगून मागू का? लवकर पैसे जमतील."

माझं उत्तर आहे, नको. आणि मी हे अनुभवातून बोलतोय. काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी एक दिवसाचं जेवण दिलं आणि पंगतीच्या मागे माझ्या क्लासचा दहा फुटी फ्लेक्स लावला. चूक माझीच होती. दुसऱ्या आठवड्यात ज्यांनी गुपचूप तांदळाचे कट्टे दिले होते, त्यांतल्या दोघांनी हात आखडता घेतला. एक काका मला म्हणाले, "आम्हाला वाटलं देवाचं काम आहे. हे तर तुझ्या क्लासचं निघालं." फ्लेक्सने मला एकही विद्यार्थी मिळाला नाही. अन्नदानाचे दोन दाते मात्र गेले.

आधी एका दिवसाचा हिशोब

मागायला जाण्याआधी आकडा हातात पाहिजे. "यथाशक्ती द्या" म्हटलं की दुकानदार गल्ल्यातून शंभराची नोट काढतो आणि विषय संपतो.

समजा रोज १०० ताटं आहेत. वरण, भात, एक भाजी, पोळी. साधारण ७ किलो तांदूळ, साडेतीन किलो तूरडाळ, १२ किलो कणीक, १० किलो भाजी आणि २ लिटर तेल लागतं. माझ्या अंदाजी भावाने तांदूळ ३१५, डाळ ४५५, कणीक ४३२, भाजी ४००, तेल २८०, मीठ-मसाला १५०, गॅस ३५० आणि पोळ्या लाटणाऱ्या बायांची मजुरी ६०० रुपये. बेरीज होते २,९८२. म्हणजे दिवसाला ३,००० रुपये, ताटाला ३० रुपये. भाव तुमच्या बाजारातले टाका, रीत हीच ठेवा.

वर्षाचे होतात १० लाख ९५ हजार. हा आकडा घेऊन कुणाकडे गेलात तर समोरचा घाबरतो. म्हणून आपल्याकडे जुनी पद्धत आहे, तिथीची. वर्षात ३६५ दिवस, एका घराने एक दिवस उचलायचा. वडिलांची पुण्यतिथी, मुलीचा वाढदिवस, दुकान उघडलं तो दिवस. अक्कलकोटला स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ १९८८ पासून भाविकांच्या देणगीवर रोज जेवण घालतंय. आपल्या नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात लंगर चालतं. मी तिथे पंगतीला बसलोय. आजची डाळ कुणाच्या दुकानातली, हे ताटाजवळ मला कुठे वाचायला मिळालं नाही. देणाऱ्याचं नाव अरदासेत घेतलं जातं. तिथे आभार असतात, पण त्याची पाटी दुकानाची होत नाही.

मागायची वेळ आणि रिकामे दिवस

तिथीची पद्धत एका ठिकाणी हमखास अडकते. महाशिवरात्रीच्या आसपासचे दिवस लगेच भरतात. हिमायतनगरात परमेश्वराची यात्रा त्याच सुमारास असते, तेव्हा देणारे दहा उभे राहतात. आणि आषाढातला पावसाचा मंगळवार रिकामा राहतो. जेवणारा मात्र मंगळवारीही येतो.

म्हणून कॅलेंडर भिंतीवर लावा आणि एक खूण लक्षात ठेवा. पुढच्या ६० दिवसांतले निम्मे चौकोन रिकामे दिसले, तर स्वयंपाकघर उधारीकडे चाललंय. अशा वेळी मोठ्या दात्याच्या मागे धावू नका. छोट्या दहा दुकानांकडे महिना ३०० रुपये मागा. दहा दुकानं म्हणजे महिन्याचा एक रिकामा दिवस भरला.

आपल्या भागात पैसा कधी खेळतो तेही बघा. सोयाबीन, कापूस घरात येतो तेव्हा, दसऱ्यापासून पुढे दोन-तीन महिने, आडत्यापासून कापडवाल्यापर्यंत सगळ्यांचा हात सैल असतो. जून-जुलैत पेरणीची उधारी डोक्यावर असते. तेव्हा मागितलं तर नकार येतो आणि माणूसही अवघडतो. म्हणून पावसाळ्याचे दिवस दिवाळीतच भरून घ्या.

आभार कुठे संपतात आणि जाहिरात कुठे सुरू होते

हा फरक फक्त भावनेचा नाही, तो सरकारी कागदावरही आहे. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी जीएसटीचं एक परिपत्रक निघालं, क्रमांक ११६/३५/२०१९. प्रश्न असा होता की धर्मादाय संस्थेने देणगीदाराच्या नावाची पाटी लावली तर त्यावर कर लागतो का? उत्तर आलं, पाटी फक्त कृतज्ञतेची असेल तर नाही. उदाहरण दिलं होतं मंदिराच्या खोलीच्या दारावरच्या पाटीचं, ज्यावर अमुक बाईंनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलं असं लिहिलंय. तिथे देणाऱ्याच्या धंद्याचा उल्लेख नाही, म्हणून ती जाहिरात नाही.

पैसे घेऊन दुकानाचं नाव, लोगो आणि फोन नंबर लावून देण्याचं संस्थेने कबूल केलं, की ती देणगी राहत नाही, सेवा विकल्यासारखं होतं. संस्था जीएसटीच्या कक्षेत येत असेल तर त्यावर १८ टक्के कर बसतो. म्हणजे आपण "फ्लेक्स लावतो" म्हणून मागितलेले पैसे देवस्थानालाच अडचणीत आणू शकतात.

म्हणून माझा नियम सोपा आहे. पाटीवर माणसाचं नाव येईल, दुकानाचं नाही. "आजचं अन्नदान : श्री. अमुक, वडिलांच्या स्मरणार्थ" हे आभार. "अमुक किराणा, बस स्टँडसमोर, योग्य दरात" ही जाहिरात. दात्यांची नावं वर्षअखेर एका कागदावर अक्षरांच्या क्रमाने लावा आणि रकमा लिहू नका. रकमा लिहिल्या की ३०० वाला स्वतःला छोटा समजतो आणि ३,००० वाला वरच्या जागेसाठी भांडतो.

एक हरकत मला नेहमी ऐकू येते. "सर, धंदेवाला फुकट का देईल?" बरोबर आहे, त्याला जाहिरात हवी असेल तर ती वाईट गोष्ट नाही. त्याने यात्रेत कमान लावावी, बिल घ्यावं, दुकानाच्या खर्चात टाकावं. पण जाहिरातीचा पैसा आणि पंगतीचा पैसा एकाच पाकिटात नको.

दुकानदाराला खरं सांगा

मागताना "टॅक्स वाचेल" असं सरसकट बोलू नका. ८०जी ची सवलत संस्थेकडे ती नोंदणी असेल तरच मिळते, आणि प्रत्येक देवस्थानाकडे ती असतेच असं नाही. २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर सवलत नाही, म्हणजे आपला ३,००० चा दिवस ऑनलाइन किंवा चेकनेच घ्यावा. डाळ, तेल अशा वस्तूरूपात दिलेल्याला ती लागू होत नाही, आणि नवी कर प्रणाली घेतलेल्यालाही मिळत नाही. शिवाय जीएसटी भरणाऱ्या किराणावाल्याने दुकानातला तेलाचा डबा दान दिला, तर त्या डब्यावर घेतलेलं क्रेडिट त्याला परत करावं लागतं. हे तुम्ही आधी सांगितलंत तर तो तुमच्यावर विश्वास ठेवेल. नंतर त्याच्या सीएने सांगितलं तर तुम्ही खोटे पडाल.

आणि पावती कुणाची? नोंदणी असलेल्या विश्वस्त संस्थेचीच. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळं ती काढतातच. तुमच्या स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका.

पत्र असं लिहा

"आदरणीय शेठ, सप्रेम नमस्कार.
मंदिरात रोज दुपारी साधारण १०० जणांना मोफत जेवण देण्याचं ठरलं आहे. एका दिवसाचा खर्च ३,००० रुपये आहे, हिशोब सोबत जोडला आहे. वर्षातला एक दिवस आपण घ्यावा ही विनंती. आमच्याकडे सध्या आषाढातले हे बारा दिवस रिकामे आहेत. पूर्ण दिवस जमत नसेल तर महिना ३०० रुपयेही चालतील. पावती संस्थेची मिळेल. त्या दिवशी फळ्यावर आपलं किंवा आपण सांगाल त्या व्यक्तीचं नाव लिहू. नाव नको असेल तर लिहिणार नाही. दुकानाची जाहिरात आम्ही कुणाचीच करत नाही, त्यामुळे गैरसमज नसावा. नाही म्हणालात तरी आपल्या दुकानात आमचं येणं-जाणं तसंच राहील."

शेवटचं वाक्य गाळू नका. छोट्या गावात वर्गणी मागणारा हा बहुतेक वेळा त्याच दुकानाचा गिऱ्हाईक असतो. नकार द्यायची वाट मोकळी ठेवली नाही तर ती विनंती राहत नाही, दडपण होतं.

संध्याकाळचे तीन ओळींचे आभार

ज्या दिवशी त्यांची तिथी असेल, त्याच संध्याकाळी मेसेज करा. "काका, आज ११२ जण जेवले. सात किलोचा भात पुरला नाही, दोन किलो परत लावला. काहीच उरलं नाही." सोबत फोटो पाठवायचा तर कढईचा पाठवा. जेवणाऱ्या माणसाच्या तोंडाचा नको, तो घास घ्यायला आलाय, कुणाच्या स्टेटसवर जायला नाही.

हा मेसेज वाचून दुकानदाराला कळतं की त्याचे तीन हजार नेमके कुठे गेले. पुढच्या वर्षी त्या तारखेआधी तुम्ही फोन कराल, तेव्हा बहुतेक जण हिशोब न विचारता हो म्हणतील. पण तरीही हिशोब द्याच.

हिमायतनगरच्या त्या भावाला मी एवढंच सांगितलं, फ्लेक्सचे पैसे वाचव आणि त्यातून एक फळा आणि खडूचा डबा घे.