साचलेल्या पाण्यातून चालताना पायात काय घालावे?

पावसाळा सुरू झाला की पालीहून एसटीने रत्नागिरीला रोज ये-जा करणारे अनेक रुग्ण विचारतात, "डॉक्टर, सँडल घालू की बूट?" माझे मत असे आहे की रोजच्या घोटाभर पाण्यासाठी लवकर सुकणारी सँडल चांगली आणि तळ न दिसणाऱ्या पाण्यासाठी पूर्ण बंद रबरी किंवा प्लॅस्टिकचे बूट चांगले.

पाय बंद ठेवला की पाणी लागत नाही, असा समज आहे. पण कापडी किंवा चामड्याच्या बुटात पाणी वरून शिरते आणि बाहेर पडत नाही. समजा, सकाळी नऊला तुमचे मोजे भिजले आणि तुम्ही संध्याकाळी सहाला घरी आलात, तर नऊ तास बोटांमधली त्वचा ओली राहते. ती पांढरी पडून भेगाळते, खाज सुटते आणि चिखल्या होतात. सँडल असेल तर कामावर पोचताच पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करता येतात.

या भेगांना मी इतके महत्त्व देतो ते लेप्टोस्पायरोसिसमुळे. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि त्वचेवरच्या जखमेतून किंवा भेगेतून शरीरात शिरतात. म्हणजे दिवसभर ओल्या बुटात राहून आपणच त्यांना वाट करून देतो.

सँडलचीही मर्यादा आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तशा गढूळ पाण्यात काच, खिळा किंवा उघडे गटार दिसत नाही. तिथे शक्यतो उतरूच नये. उतरावेच लागले तर बंद बूट हवेत आणि बाहेर येताच ते काढून पाय साबणाने धुवावेत. गमबुटात वरून पाणी शिरले, तर तो लगेच काढून रिकामा करावा.

सँडल घेताना टाचेमागे पट्टा, पुढे बोटे झाकलेली आणि तळ खाचांचा असावा. हवाई चप्पल पाण्याच्या ओढीने निसटते.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र उघडी सँडल टाळावी, कारण काच लागली तरी त्यांना कळत नाही. त्यांनी पाणी न शोषणारे बंद बूट घालावेत, कोरडे मोजे सोबत ठेवावेत आणि रात्री तळवे उजेडात तपासावेत.

पायाला जखम असताना अशा पाण्यातून गेला असाल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळी कोणाला द्यायची हे तेच ठरवतील; गरोदर स्त्रिया व लहान मुलांसाठी औषध वेगळे असते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारा. त्यानंतरच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे यांपैकी काही झाले, तर "मी साचलेल्या पाण्यातून गेलो होतो" हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.